डावीकडचं बोटभर, उजवीकडचं पोटभर

वेरूळची लेणी पाहून दुपारी अडीच-तीनला छत्रपती संभाजीनगरात परतलेला परदेशी पाहुणा थाळीच्या हॉटेलात येऊन बसतो. त्याच्या हातात जे मेनूकार्ड येतं त्यात निवडण्यासारखं फारसं काही नसतं. साधी थाळी, स्पेशल थाळी, फार तर जैन थाळी. तो एकीवर बोट ठेवतो आणि पाच मिनिटांत त्याच्यापुढे बारा-चौदा पदार्थ येऊन पडतात. त्यातला एकही त्यानं मागितलेला नसतो, आणि बहुतेक त्यानं आयुष्यात पाहिलेलेही नसतात.

इतर हॉटेलांत पदार्थाची माहिती ऑर्डर देण्यापूर्वी लागते. थाळीच्या हॉटेलात ती खरी लागते ताट समोर आल्यावर. बहुतेक मालकांच्या हे लक्षात येत नाही. ते कार्डावर थाळीचं वर्णन छापतात ते गिऱ्हाइकाला आत ओढायला: अस्सल मराठमोळी चव, आजीच्या हातचं जेवण, चुलीवरची भाकरी. पाहुणा आत आलेलाच आहे, खुर्चीवर बसलेला आहे. आता त्याला आजीशी कर्तव्य नाही. समोरचा लाल गोळा चमचाभर खायचा की नखभर, हा त्याचा प्रश्न आहे. त्या गोळ्यात शेंगदाणे आहेत का, हा त्याच्या बायकोचा प्रश्न असू शकतो, आणि तो प्रश्न दवाखान्यापर्यंत जाऊ शकतो.

यावर तोडगा आपल्याच पंगतीत आहे. पारंपरिक मराठी पान वाढताना मीठ वर मध्यभागी येतं. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. खाली मध्ये भात, पोळी. ही मांडणी शोभेसाठी नाही. डावीकडचे पदार्थ तिखट, आंबट, खारट, म्हणजे तोंडी लावायचे. उजवीकडचे खरं जेवण. आपल्याला हे लहानपणी कुणी शिकवलेलं नसतं, ते हाताला माहीत असतं. पाहुण्याला मात्र एका वाक्यात सांगावं लागतं, आणि कार्डावरचं पहिलं वाक्य तेच हवं: डावीकडचं बोटभर घ्या, उजवीकडचं पोटभर. एवढं वाचलं तरी ठेच्याचा अख्खा गोळा घासासारखा तोंडात टाकण्याचा प्रसंग टळतो.

म्हणून थाळीचं कार्ड यादीसारखं नको, ताटाच्या चित्रासारखं हवं. कागदावर गोल ताट काढावं, प्रत्येक पदार्थाच्या जागी आकडा घालावा आणि शेजारी त्या आकड्याचं वर्णन. बारा पदार्थ, प्रत्येकी वीस-पंचवीस शब्द, म्हणजे सारं मिळून अडीच-तीनशे शब्द होतात. ताटाखाली अंथरायच्या कागदावर ते आरामात बसतात आणि जेवताना डोळ्यांसमोर राहतात. मात्र हे चित्र उपयोगी पडायचं तर वाढप्यांनी वाट्या रोज त्याच जागी ठेवायला हव्यात. गर्दीच्या वेळी वाढपी हाताला जे भांडं येईल ते आधी वाढून मोकळा होतो. एकदा आमटीच्या जागी कढी आली की पाहुणा कढीची वाटी समोर ठेवून आमटीचं वर्णन वाचत बसतो. तेव्हा कागद छापण्याआधी वाढप्यांना बसवून जागा पक्क्या करून घ्याव्यात. रोज बदलणाऱ्या भाजीसाठी कागदावर कोरी चौकट सोडावी आणि सकाळी आचाऱ्यानं भाजी ठरवली की तिथे चिठ्ठी चिकटवावी.

आता मराठवाडी धाटणीची एक थाळी घेऊन तिचं वर्णन लिहून पाहू. इंग्रजीत लिहा, हिंदीत लिहा, जपानीत लिहा. आत काय सांगायचं ते बदलत नाही.

डावीकडून सुरुवात करू. ठेचा सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो. कार्डावर मात्र लिहायचं ते असं: ‘हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर परतून जाडसर ठेचलेलं. ताटातला सगळ्यांत तिखट पदार्थ. भाकरीच्या तुकड्याला जेमतेम लावून खावा. नको असेल तर तसाच ठेवा, कुणाला वाईट वाटणार नाही.’ शेवटचं वाक्य फालतू वाटेल, पण परदेशी माणूस पाहुणचाराचा मान राखायला नको ते गिळतो. ताटात टाकू नये असं आपणही त्याच्या कानावर घातलेलं असतं.

शेंगदाण्याच्या चटणीत वेगळाच घोटाळा आहे. इंग्लंडमधल्या माणसाला चटणी म्हटलं की आंब्याचा गोड, घट्ट मुरंबा आठवतो; तिथल्या दुकानांत त्या नावाखाली तेच मिळतं. लोणच्याचंही तसंच. त्याचं लोणचं म्हणजे व्हिनेगरमधली काकडी, जिचा तो सरळ चावा घेतो. त्याच सवयीनं त्यानं आपल्या कैरीच्या लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकली तर पुढची दहा मिनिटं तो बोलणार नाही. तेव्हा ओळखीच्या नावावर भिस्त न ठेवता पदार्थच सांगावा: ‘भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ कुटून केलेली कोरडी, तिखट चटणी. चिमूटभर घ्या. दह्यात कालवली तर सौम्य होते.’

याच कारणानं परक्या पदार्थांशी तुलना करणं मला धोक्याचं वाटतं. ठेचा म्हणजे मेक्सिकोचा साल्सा, थालीपीठ म्हणजे पॅनकेक, श्रीखंड म्हणजे पुडिंग. वाचायला सोपं जातं, पण तुलनेसोबत खाण्याची पद्धतही येते. साल्सा लोक वाटीभर खातात. कोशिंबिरीला नुसतं सॅलड म्हटलं की ती आधी संपवायची असते असं युरोपियन माणूस समजतो, आणि मग तिखट भाजीबरोबर खायला त्याच्याकडे काही गार उरत नाही. तिथे लिहावं: ‘काकडी, दही, शेंगदाण्याचं कूट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. आधी संपवू नका. तिखट घासांच्या अधूनमधून खा.’

उजवीकडे आलं की वर्णनाचा रोख बदलतो. इथे किती खायचं हा प्रश्न नसतो, कसं खायचं हा असतो. पिठलं आणि भाकरी ही जोडी आहे, हे आकडा पाच आणि आकडा नऊ पाहून कुणाला कळणार? म्हणून दोन्ही वर्णनांत एकमेकांचा उल्लेख हवा. ‘हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मिरची, लसूण घालून शिजवलेलं, मऊ आणि घट्ट. भाकरीचा तुकडा मोडा आणि त्यानं उचलून खा. मध्यम तिखट.’ भाकरीच्या आकड्यापाशी लिहावं: ‘ज्वारीच्या पिठाची, हातानं थापलेली. गरम असतानाच खा, गार झाली की कडक होते.’

भरल्या वांग्यात देठ असतो, तो खायचा नाही. धरायला ठेवलेला असतो. आमटीत शेवग्याची शेंग असेल तर ती चावून, चोखून गर काढायचा आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवायचा. शेंगेचा इंग्रजी शब्द कोंबडीच्या तंगडीलाही वापरतात, त्यामुळे नुसतं ते नाव छापलं तर शाकाहारी हॉटेलात पाहुणा दचकून हात आखडता घेईल. कढीपत्ता, दालचिनीचा तुकडा, लवंग, तमालपत्र, आमटीतलं आमसूल हे सगळं बाजूला काढायचं असतं. आपण ते नकळत करतो. नवखा माणूस तमालपत्र मन लावून चावत बसतो आणि हे लोक हे खातात तरी कसं, असा विचार करतो. कार्डाच्या खाली एक ओळ पुरते: पानं, देठ, अख्खा मसाला आणि आमसूल ताटाच्या कडेला ठेवावं.

गोडाचंही सांगावं लागतं. शिरा किंवा श्रीखंड ताटात पहिल्यापासून असतं, आणि पाश्चात्त्य पाहुणा ते शेवटासाठी राखून ठेवतो. शेवटी राखलं म्हणून बिघडत नाही, पण भरल्या वांग्यानंतर श्रीखंडाचा एक घास आणि मग परत पोळी-भाजी, ही ये-जा करण्यात थाळीची निम्मी मजा आहे. तेव्हा ‘गोड जेवणाबरोबरच खाल्लं तरी चालतं, आम्ही तसंच खातो’ एवढं लिहिलं की पुरे.

इथवरचं काम टेबलावर बसून करता येतं. पुढचं स्वयंपाकघरात उभं राहूनच करावं लागतं.

आचाऱ्याला विचारलं की मटकीच्या उसळीत काय घालता, तर तो म्हणतो मटकी, कांदा, मिरची, मसाला. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी शेंगदाण्याचं कूट, गूळ, हिंग हे ‘घालण्याचे’ पदार्थ नाहीतच, ते हात जातो तिथे असतातच. म्हणून कृती विचारण्यापेक्षा तो उसळ करत असताना शेजारी उभं राहावं आणि चार गोष्टी टिपाव्यात: तेल कुठलं, फोडणीत काय पडलं, दाटपणा कशानं आला, उतरवताना वरून काय भुरभुरलं. वर्णनातल्या चुका बहुतेक शेवटच्या दोन जागी होतात.

अशी टिपणं घेतली की मराठवाडी थाळीबद्दल एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे शेंगदाणा. चटणीत तो आहेच. कोशिंबिरीत कूट आहे, भरल्या वांग्याच्या सारणात तीळ आणि खोबऱ्याबरोबर कूट आहे, उसळीत आहे, पुष्कळ ठिकाणी ठेच्यातही आहे. तळण शेंगदाण्याच्या तेलात असेल तर पापड आणि कुरडईही आल्या. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात अ‍ॅलर्जी करणारी प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण घाण्याच्या तेलात ती राहू शकतात, आणि हल्ली बरीच हॉटेलं घाण्याचं तेल कौतुकानं वापरतात. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला अगदी थोडा अंशही पुरतो. घसा सुजतो, श्वास कोंडतो. अशा वेळी ‘शेंगदाणे काढून देऊ’ म्हणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं, कारण तोच डाव, तीच कढई, तेच हात असतात. कार्डावर ठळक अक्षरांत एकच प्रामाणिक वाक्य शोभतं: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्यास कृपया ही थाळी घेऊ नका. मालकाला हे जड जातं. एक गिऱ्हाईक जातं, हे खरं. पण ते त्या दिवशी जायलाच हवं.

युरोपातल्या पाहुण्याला अशी माहिती मिळण्याची सवय असते. तिथल्या २०११ च्या नियमानुसार १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते, आणि ती हॉटेलांनाही चुकलेली नाही. त्या १४ पैकी शेंगदाणा, तीळ, मोहरी, दूध, गहू आणि काजू-बदाम हे सहा आपल्या एका ताटात सहज भेटतात. मोहरीकडे आपलं लक्षच जात नाही, कारण ती नाही अशी फोडणी आपल्याला सुचत नाही. अमेरिकेच्या नऊ घटकांच्या यादीत मोहरी नाही. तीळ मात्र २०२३ पासून आहे. प्रत्येक देशाची यादी पाठ करण्याची गरज नाही. हे सहा घटक चित्रांनी दाखवले आणि प्रत्येक पदार्थापुढे लागू असतील ती चित्रं छापली की काम भागतं. भारतात खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मेनूवर उष्मांक छापण्याची सक्ती केली ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या व्यवसायांना. एका गल्लीतलं एकच थाळीचं हॉटेल त्यात येत नाही, पण पाहुण्याचा घसा शाखा मोजत नाही.

गव्हाचं प्रकरण जास्त फसवं आहे. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन चालत नाही त्यांना ज्वारीची भाकरी म्हणजे मोठा दिलासा, आणि हॉटेलवाले ती तशी सांगून वाढतातही. पण भाकरी फाटू नये म्हणून पिठात मूठभर कणीक मिसळलेली असू शकते. ती पोळीच्याच तव्यावर भाजलेली असू शकते. येसर आमटी असेल तर तिला दाटपणा देणारं येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ, आणि त्या धान्यांत गहू बहुधा असतोच. सगळ्यांत लपलेला गहू हिंगात असतो. बाजारात मिळणारी हिंगाची पूड म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. उग्र हिंगाला डिंक आणि पिठाचा आधार देऊन ती बनवतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठातलं हिंगही मिळतं, ते डबीवर वाचून घेता येतं. म्हणजे कार्डावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं असेल तर हिंग बदला, तवा वेगळा ठेवा, येसर काढा. हे जमणार नसेल तर ‘भाकरी ज्वारीची आहे, पण याच स्वयंपाकघरात गहू वापरतात’ असं लिहा. दोन्ही मान्य. मधलं गुळमुळीत उत्तर नको.

शाकाहार म्हणजे काय याबद्दलही पाहुणे येताना आपापली व्याख्या घेऊन येतात. पाश्चात्त्य शाकाहारी बहुधा अंडं खातो. प्राणिजन्य काहीच न खाणारा दूध-तूपही टाळतो. कार्डाच्या माथ्यावर हे दोन वाक्यांत मिटवावं: या स्वयंपाकघरात मांस, मासे, अंडी येत नाहीत. दूध, दही, तूप येतं. दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यासाठी खरी अडचण तुपाची असते, कारण ते दिसत नाही. वाढपी प्रेमानं भातावर धार सोडून जातो, पोळीला आतूनच लावलेलं असतं. तेव्हा ‘तूप विचारून वाढतो’ असं कार्डावर लिहावं आणि वाढप्यांनाही तसं सांगावं. तूप न घालता वरण-भात, बिनतुपाची भाकरी, उसळ, पिठलं, चटणी एवढं त्याला पोटभर होतं. कोशिंबीर आणि मठ्ठा सुटतो, शिरा सुटतो.

अजिंठा-वेरूळला येणाऱ्यांमध्ये तैवान, व्हिएतनामचे बौद्ध यात्रेकरूही असतात. त्यांच्यातले व्रतस्थ शाकाहारी कांदा-लसूण खात नाहीत. हॉटेलवाला खूष होतो, जैन थाळी आहेच! पण जैन थाळीत कांदा-लसणाची जागा भरून काढायला आचारी हिंगाचा हात सैल सोडतो, आणि त्या परंपरेत वर्ज्य मानलेल्या पाच उग्र पदार्थांत कांदा-लसणाच्या जोडीला हिंगही येतं. उलट बटाट्याची भाजी त्यांना चालते, जी जैन पाहुण्याला चालत नाही. म्हणून ‘जैन थाळी’ असं नाव छापून थांबू नये. तिच्यात काय नाही ते लिहावं: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा नाही; हिंग आहे. मग ज्याचं त्यानं ठरवावं.

तिखटाचं मोजमाप मिरच्यांच्या चित्रांनी करण्याची रीत पडली आहे. एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या. पण एक मिरची कुणाच्या जिभेची? थाळीत यापेक्षा सोपी सोय आहे. ताटात बिनतिखट काय आहे ते सांगून टाकावं: वरण-भात, कोशिंबीर, पोळी, शिरा. जीभ भाजली तर पाहुणा तिकडे वळेल. आणि हेही लिहावं की पाणी पिऊ नका, दही किंवा ताक घ्या. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात नीट विरघळत नाही. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश त्याला जिभेवरून उचलून नेतात. मठ्ठ्यात मात्र हिरवी मिरची वाटून घालण्याची रीत काही ठिकाणी असते. तशी असेल तर हा सल्ला उलटतो, तेव्हा पाहुण्यांच्या मठ्ठ्यात आलं, जिरं, कोथिंबीर ठेवावी आणि मिरची वगळावी.

राहता राहिलं थांबणं. थाळी पोटभर म्हणजे पुन्हा पुन्हा वाढली जाणार, हे पाहुण्याला माहीत नसतं. तो ताट स्वच्छ करतो, कारण त्याच्या घरी ते सभ्यतेचं लक्षण आहे. वाढपी रिकामी वाटी पाहून पुन्हा भरतो, कारण त्याचं काम तेच आहे. दोघंही आपापल्या परीनं सुसंस्कृत वागत राहतात आणि पाहुण्याचं पोट दुखायला लागतं. कागदाच्या तळाशी लिहावं: ‘रिकामी वाटी पुन्हा भरली जाते. नको असेल तर वाटीवर हात आडवा धरा आणि “बस” म्हणा. गोड एकदाच मिळतं. एका थाळीत एकानंच जेवावं. शेवटी थोडा ताक-भात मागून घ्या.’ गोडाचा नियम आणि वाटून खाण्याचा नियम आधीच छापलेला असला की बिलाच्या वेळची हुज्जत वाचते.

आणि आचारी बदलला की कागद मागे घ्यावा. नवा माणूस येताना स्वतःचा मसाला घेऊन येतो, त्याच्या हाताखाली पिठलंही निराळं होतं, कुटाच्या जागा बदलतात. पुन्हा एक दिवस त्याच्या शेजारी उभं राहून तेल, फोडणी, दाटपणा आणि शेवटची भुरभुर टिपून घ्यावी, आणि तोवर जुने कागद ताटाखाली घालू नयेत.